रंगवलेला तक्ता, त्याचा फोटो आणि ‘स्थिती’चा रकाना

इमारतीच्या कामावर साइट ऑफिसच्या भिंतीला बहुधा एक मोठा तक्ता लावलेला असतो. डावीकडे उभ्या ओळीत मजले, वर आडव्या ओळीत कामे: स्लॅब, वीटकाम, वायरिंगचे पाइप, प्लास्टर, फरशी, रंगकाम. मधल्या चौकोनांत अक्षर क्वचितच असते. काम झाले की चौकोन हिरवा रंगवतात, चालू असेल तर पिवळा, अडकले असेल तर लाल. सुपरवायझर रोज संध्याकाळी स्केचपेन घेऊन एकदोन चौकोन भरतो. इमारत कुठवर आली ते कळायला तक्त्यासमोर क्षणभर उभे राहिले तरी पुरते, आणि भिंतीवर असेपर्यंत या तक्त्यात काहीच कमी नसते.

अडचण येते ती तक्ता भिंतीवरून हलला की. आठवड्याच्या शेवटी त्याचा मोबाइलवर फोटो निघतो, मुख्य कार्यालयात जातो आणि तिथे कोणीतरी तो संगणकावर उतरवून घेतो. मजल्यांची आणि कामांची नावे उतरतात, चौकोन मात्र रिकामेच राहतात, कारण त्यांत लिहिलेले काही नव्हतेच. अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर लावले तरी फारसा फरक पडत नाही. अशी बरीचशी साधने अक्षरे शोधण्याआधी चित्राचे निव्वळ काळ्या-पांढऱ्यात रूपांतर करतात. त्यांच्या दृष्टीने रंग म्हणजे अक्षरामागची पार्श्वभूमी, म्हणजे काढून टाकण्याची गोष्ट. या तक्त्याची सगळी माहिती तर त्या पार्श्वभूमीतच होती.

उतरवणाऱ्याने आपल्या शीटमध्येही चौकोन रंगवले, तर माहिती थोडा काळ टिकते. पण एक्सेलमध्ये रंगावरून मोजणारे साधे सूत्र नाही. रंगानुसार गाळणी लावता येते; ‘लाल चौकोन किती’ हे सूत्राने मात्र विचारता येत नाही. तीच फाइल सीएसव्ही स्वरूपात जतन केली की रंग पूर्णपणे जातो, कारण त्या स्वरूपात फक्त मजकूर साठतो. फाइलचा मजकूर वाचून दाखवणारे साधन वापरणाऱ्या दृष्टिहीन माणसाला रंगवलेला चौकोन ‘रिकामा’ असाच ऐकू येतो. लाल-हिरव्यात फरक न दिसणाऱ्या माणसालाही हा तक्ता वाचता येत नाही; हा दोष पुरुषांमध्ये जास्त आढळतो, कारण त्याला कारणीभूत जनुके एक्स गुणसूत्रावर असतात आणि पुरुषांजवळ ते गुणसूत्र एकच असते.

झेरॉक्सची गोष्ट तर मुद्दाम पाहण्यासारखी आहे. रंगीत चित्र काळ्या-पांढऱ्यात नेताना संगणक प्रत्येक रंगाचा उजळपणा काढतो. त्यासाठी नेहमी वापरले जाणारे एक सूत्र असे:

```
Y = 0.299 R + 0.587 G + 0.114 B
```

यात ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. पडद्यावरचा शुद्ध लाल (२५५, ०, ०) या सूत्रात घातला की उत्तर येते सुमारे ७६. नेहमीचा गडद हिरवा (०, १२८, ०) घातला की येते सुमारे ७५. म्हणजे ‘काम पूर्ण’ आणि ‘काम थांबले’ या दोन टोकांच्या गोष्टी एकाच राखाडी छटेत येऊन बसतात. शुद्ध पिवळ्याचे उत्तर २२६, म्हणजे जवळजवळ पांढरे. ‘चालू’ आणि ‘हात लावलेला नाही’ यांतला फरकही पुसट होतो. कागदावरच्या शाईचे आकडे थोडे वेगळे येतील, पण धोका तोच. तक्त्याची साधी काळी-पांढरी प्रत निघाली की त्यातून कोणते काम अडले आहे ते सांगता येईलच असे नाही.

यावर उपाय एकच: प्रत्येक चौकोनाचा अर्थ शब्दात लिहायचा. त्यासाठी तक्त्याचा साचा बदलावा लागतो. भिंतीवरचा तक्ता आडवा-उभा असतो, म्हणजे मजला आणि काम जिथे छेदतात तिथे रंग. उतरवलेल्या यादीत प्रत्येक चौकोनाला स्वतंत्र ओळ मिळते आणि त्या ओळीत ‘स्थिती’ नावाचा रकाना असतो. सात मजली इमारत, खाली पार्किंग आणि सहा कामे असतील तर आठ गुणिले सहा, म्हणजे ४८ ओळी. लांबलचक वाटले तरी काम साधारण अर्ध्या तासाचे आहे, आणि एकदा साचा तयार झाला की पुढच्या आठवड्यात फक्त स्थिती बदलावी लागते.

या यादीतली सर्वांत उपयोगी सवय म्हणजे दिसलेला रंग आणि त्याचा अर्थ वेगवेगळ्या रकान्यांत लिहिणे. ‘हिरवा’ हे निरीक्षण झाले. ‘पूर्ण’ हा त्याचा लावलेला अर्थ. पुष्कळ जण थेट अर्थ लिहितात आणि तिथेच पुढच्या दुरुस्तीची वाट बंद होते. महिन्याभराने कळले की त्या साइटवर हिरवा म्हणजे ‘पूर्ण’ नव्हे, ‘पूर्ण आणि तपासणी झालेले’ असा अर्थ होता, तर रंगाचा रकाना असलेली यादी दोन मिनिटांत सुधारता येते. रंग लिहून ठेवलेला नसेल तर पुन्हा फोटो शोधणे आले.

```
मजला,काम,दिसलेला रंग,स्थिती,शेरा
१,फरशी,हिरवा,पूर्ण,
३,फरशी,लाल,थांबले,
४,प्लास्टर,पिवळा,चालू,
पार्किंग,फरशी,पांढरा,लागू नाही,
```

रंगाचा अर्थ ठरवण्याआधी रंगसूची हातात असावी लागते. ती बहुधा तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात असते आणि फोटो काढताना नेमकी तीच कापली जाते. सूची नसेल तर अंदाज बांधू नये, तक्ता भरणाऱ्याला विचारावे. लाल म्हणजे वाईटच, असे धरून चालणे विशेष धोक्याचे. फ्लॅटच्या बुकिंगचा तक्ताही अनेकदा त्याच ऑफिसच्या दुसऱ्या भिंतीवर असतो, आणि तिथे लाल चौकोनाचा अर्थ ‘फ्लॅट विकला गेला’ असा असू शकतो. एका भिंतीवर लाल ही तक्रार, दुसऱ्या भिंतीवर तीच आनंदाची बातमी. सूचीतले शब्द यादीच्या पहिल्याच पानावर जसेच्या तसे उतरवून ठेवावेत आणि ते कोणी सांगितले, कोणत्या तारखेला, हेही लिहावे. साइटवरचा सुपरवायझर बदलला की कधी कधी रंगांचा अर्थही बदलतो.

सूचीत ज्या रंगाचा उल्लेख जवळजवळ कधीच नसतो तो पांढरा. आणि गोंधळ सर्वांत जास्त त्याच्याभोवती होतो, कारण रंग न भरण्याची कारणे एकाहून अधिक असतात. काम सुरूच झाले नसेल. ते काम त्या जागी करायचेच नसेल. पार्किंगमध्ये घरात बसवतात तशी फरशी बसत नाही. काम झाले असेल पण चौकोन रंगवायचा राहून गेला असेल. किंवा चौकोन रंगवलेला असूनही फोटोत दिसत नसेल. या चारही गोष्टी रिकाम्या जागेने दाखवल्या तर यादी वाचणारा त्यांना एकच समजतो. म्हणून ‘स्थिती’च्या रकान्यात एकही जागा रिकामी ठेवायची नाही हा नियम पाळावा: ‘सुरू नाही’, ‘लागू नाही’, ‘नोंद नाही’ आणि ‘वाचता येत नाही’ असे स्पष्ट शब्द लिहावेत. ‘वाचता येत नाही’ लिहिताना संकोच वाटतो, पण त्याच शब्दामुळे कोणीतरी साइटवर फोन करते.

फोटो चांगला असेल तर निम्मे काम सोपे होते. तक्त्यासमोर सरळ उभे राहून, दिवसाउजेडी, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढावा. रात्रीच्या पिवळ्या बल्बखाली पांढरा कागद पिवळसर दिसतो आणि लाल नारिंगीकडे झुकतो. तक्त्याशेजारी एक कोरा पांढरा कागद धरून तोही चौकटीत घेतला, तर नंतर पाहणाऱ्याला ताडून बघता येते: तो कागद पिवळट दिसत असेल तर सगळे रंग तेवढेच पिवळटलेले आहेत. लॅमिनेशन केलेल्या तक्त्यावर ट्यूबलाइटची चकाकी पडते आणि तिच्याखालचा रंग धुतल्यासारखा पांढरा होतो. अशा वेळी एक फोटो समोरून आणि एक किंचित बाजूने काढावा, म्हणजे चकाकी दोन्हींत वेगवेगळ्या जागी पडते.

फोटो पाठवण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. मेसेजिंग अॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकाराने लहान केला जातो. त्यातून जेपेग पद्धतीत उजळपणाची माहिती बारकाईने साठते, पण रंगाची माहिती बहुधा त्याहून ढोबळ साठवली जाते, कारण माणसाचा डोळा रंगातले बारीक फरक तितके टिपत नाही. माणसाच्या चेहऱ्याच्या फोटोत हे जाणवत नाही. बारीक चौकोनांच्या तक्त्यात मात्र एका चौकोनाचा रंग शेजारच्या चौकोनाच्या कडेत उतरतो आणि अरुंद रकान्यात पिवळे संपते कुठे, हिरवे सुरू होते कुठे ते कळेनासे होते. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तो सहसा मूळ आकारात पोचतो. रंग वाचताना चौकोनाच्या कडेकडे न पाहता मध्यभागाकडे पाहावे, ते याचसाठी.

संशय आला तर रंगाचा आकडा काढता येतो. चित्र उघडणाऱ्या अनेक साध्या प्रोग्रॅममध्ये रंग टिपणारी ड्रॉपरसारखी खूण असते. ती चौकोनाच्या मध्यावर टेकवली की लाल, हिरवा आणि निळा यांचे आकडे मिळतात, काही प्रोग्रॅममध्ये रंगछटाही अंशांत मिळते. या वर्तुळात शुद्ध लाल ० अंशावर, नारिंगी ३० च्या आसपास, पिवळा ६० वर आणि हिरवा १२० वर असतो. एकाच चौकोनाचा आकडा फारसे काही सांगत नाही. त्याच फोटोतल्या नक्की माहीत असलेल्या लाल आणि पिवळ्या चौकोनांचे आकडे शेजारी ठेवले की तो कोणाच्या जवळ जातो ते दिसते.

हे सगळे एका तक्त्यावर कसे लागू पडते ते उदाहरणाने पाहू. वर सांगितलेला, पार्किंगसह आठ ओळी आणि सहा कामांचा तक्ता घ्यावा. फोटो रात्री काढलेला आहे. पहिल्या वाचनात चौकोन असे मोजले गेले: हिरवे २१, पिवळे ७, लाल १, पांढरे १९. बेरीज ४८. चौकोन तेवढेच, म्हणजे एकही सुटला नाही, आणि उतरवणाऱ्याला वाटले की काम झाले.

पण यादी मजल्यामजल्याने वाचायला घेतली की एक गोष्ट खटकते. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब हिरवा, वायरिंगचे पाइप हिरवे, प्लास्टर हिरवे, फरशी पिवळी. आणि वीटकाम पांढरे, म्हणजे ‘सुरू नाही’. भिंतच उभी नसेल तर प्लास्टर कशावर झाले? फोटोत पुन्हा पाहिल्यावर त्या चौकोनावरून ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा गेलेला दिसतो. तो चौकोन पांढरा नव्हता, झाकला गेला होता. इथे एक मोह होतो: वीटकाम झालेच असणार, म्हणून सरळ ‘पूर्ण’ लिहून टाकावे. तसे करू नये. कामाचा क्रम चूक दाखवून देतो, पण योग्य उत्तर तक्त्यातूनच यायला हवे. एखाद्या बाजूची भिंत राहिलीही असू शकते. आधी ‘वाचता येत नाही’ लिहावे आणि बाजूने काढलेला दुसरा फोटो मागवावा. या उदाहरणात दुसऱ्या फोटोत चौकोन हिरवा निघाला.

दुसरी शंका पाचव्या मजल्यावरची. स्लॅब आणि वीटकाम हिरवे, वायरिंगचे पाइप पिवळे, पुढचे सगळे पांढरे. यात न जुळणारे काहीच नाही, म्हणून क्रमावरून चूक सापडली नसती. पण हा पिवळा इतर सहा पिवळ्यांपेक्षा गडद आहे. चौथ्या मजल्याच्या प्लास्टरचा नक्की पिवळा आणि तिसऱ्या मजल्याच्या फरशीचा नक्की लाल यांच्याशी ताडून पाहिले तर हा चौकोन दोन्हींच्या मधोमध, नारिंगीत येतो. सूचीत नारिंगी नाही. साइटवर विचारल्यावर उलगडा होतो: काम आधी चालू होते म्हणून चौकोन पिवळा रंगवला होता, मग पाइपांचा माल न आल्याने काम थांबले आणि सुपरवायझरने त्याच पिवळ्यावर लाल स्केचपेन हलकेच फिरवले. स्केचपेनचा रंग खोडता येत नाही, त्यामुळे स्थिती बदलली की जुन्या रंगावर नवा चढतो. पिवळ्यावर हिरवा चढवला तर पोपटी होतो, पिवळ्यावर लाल चढवला तर नारिंगी. म्हणून सूचीत नसलेला रंग दिसला की पहिला प्रश्न ‘हा कोणता नवा रंग’ असा न विचारता ‘याखाली आधी काय होते’ असा विचारावा.

सुधारलेली मोजणी अशी झाली: हिरवे २२, पिवळे ६, लाल २, पांढरे १८. बेरीज पुन्हा ४८. दोन चुका होत्या आणि दोन्ही वेळा बेरीज बरोबरच होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एकूण मोजणी जुळली याचा अर्थ फक्त एवढाच की एकही चौकोन सुटला नाही. एक चौकोन एका रंगातून काढून दुसऱ्यात टाकला गेला तर बेरजेला त्याचा पत्ता लागत नाही. ते पकडायला दोन माणसांनी एकमेकांची यादी न पाहता तक्ता वाचावा आणि मग ओळीशी ओळ ताडावी. जिथे दोघांचे जुळत नाही तेवढेच चौकोन पुन्हा पाहावे लागतात.

उरलेले १८ पांढरे चौकोनही एकेक करून शब्दांत आले. पार्किंगची फरशी ‘लागू नाही’, आणि बाकीचे १७ ‘सुरू नाही’. आता यादीत ‘थांबले’ दोन ठिकाणी आहे. पहिल्या वाचनात ते एकच होते, आणि जे हरवले होते त्याच मजल्यावर पुढची तीनही कामे वायरिंगसाठी खोळंबून होती.

शब्द ठरावीकच वापरावेत, नाही तर रंगाचा गोंधळ जाऊन अक्षरांचा येतो. एका ओळीत ‘पूर्ण’, दुसरीत ‘पुर्ण’, तिसरीत ‘झाले’ लिहिले तर माणसाला तिन्ही सारखे वाटतात, सूत्राला मात्र ते तीन वेगळे शब्द असतात. एक्सेलमध्ये डेटा व्हॅलिडेशन वापरून त्या रकान्यात पर्यायांची यादी लावून ठेवता येते. मग शब्द टाइप करावा लागत नाही, निवडावा लागतो. स्थितीचा रकाना चौथा, म्हणजे D असेल तर अडलेली कामे मोजायला एवढे पुरते:

```
=COUNTIF(D:D,"थांबले")
```

हीच यादी गाळून ‘थांबले’ असलेल्या ओळी तेवढ्या काढता येतात, दोन आठवड्यांच्या याद्या शेजारी ठेवून कुठे काय बदलले ते पाहता येते. त्यासाठी प्रत्येक यादीवर तक्त्याची तारीख हवी. फोटोची तारीख आणि तक्ता शेवटचा कधी भरला ती तारीख एकच असते असे नाही. शनिवारी काढलेल्या फोटोत बुधवारनंतर कोणी हात न लावलेला तक्ता असू शकतो, आणि मग यादी शनिवारची नव्हे, बुधवारची ठरते.

काही चौकोन शब्दांत बसवताना जरा थांबावे लागते. सुपरवायझर कधी चौकोन निम्माच रंगवतो किंवा तिरकी रेघ मारून एका बाजूला हिरवा आणि दुसऱ्या बाजूला पिवळा भरतो. याचा अर्थ मजल्यावरच्या दोन विंगांपैकी एकीचे काम झाले असाही असेल, किंवा काम अर्ध्यावर आले असाही. पहिल्या अर्थाने त्या एका ओळीच्या दोन ओळी कराव्या लागतात, विंगवार. दुसऱ्या अर्थाने स्थिती ‘चालू’च राहते. अर्ध्या रंगावरून ‘५० टक्के’ असा आकडा मात्र लिहू नये. टक्केवारी कोणी मोजलेली नसते, स्केचपेन जिथवर गेले तिथवर ते गेलेले असते. चौकोन निम्मा रंगवलेला होता हे शेऱ्यात लिहावे.

पाहणाऱ्यांना रंग हवेच असतात, आणि तेही रास्त आहे. ४८ ओळी वाचण्यापेक्षा रंगीत तक्त्यावर नजर लवकर ठरते. त्यासाठी यादीवरून पुन्हा आडवा-उभा तक्ता करावा, चौकोनात ‘पूर्ण’, ‘चालू’, ‘थांबले’ हे शब्द ठेवावेत आणि कंडिशनल फॉरमॅटिंग लावून शब्दाप्रमाणे रंग आपोआप चढू द्यावा. शब्द बदलला की रंग बदलतो. काळी-पांढरी प्रत काढली की रंग जातो, पण चौकोनातला शब्द तिथेच असतो. भिंतीवरच्या तक्त्यातही हे करता येते: चौकोन रंगवताना त्यात ‘पू’, ‘चा’, ‘थां’ असे एक अक्षर बॉलपेनने लिहायला सुपरवायझरला फार तर दोन सेकंद जास्त लागतात, आणि पुढच्या फोटोत नारिंगी चौकोनाचा अर्थ विचारायला फोन करावा लागत नाही.